सरांना सल्लागार म्हणून बोलावतेय: पत्रात वेळ, काम आणि मानधन कसं लिहू?

नीरा_काठ
नमस्कार मंडळी. फलटणजवळ आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोन वर्षं झाली, आम्ही तिघं आहोत. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट-एसएनएफ तपासायची जी मशीन असतात, त्यांच्या रोजच्या नोंदी आम्ही गोळा करतो आणि कुठलं मशीन चुकीचं दाखवायला लागलंय ते शोधतो. सध्या ४६ केंद्रं आहेत, प्रत्येकाकडून महिन्याला ९०० रुपये येतात.

आमची खरी अडचण अशी आहे. एखाद्या केंद्राची गाईच्या दुधाची सरासरी फॅट दहा दिवसांत ४.० वरून ३.७ वर आली, तर ते आमच्या सॉफ्टवेअरला लगेच कळतं. पण मशीन बिघडलं, की चारा बदलला, की वरच्या वस्तीवरच्या म्हशी आटल्या आणि मिसळीचं दूध बंद झालं, हे आम्हा तिघांना कळत नाही. ते ओळखणारे एक सर मला माहीत आहेत. एका दूध संघाच्या गुणवत्ता विभागातून ३२ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेत, वय ६१. माझ्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख. त्यांना सल्लागार होण्याची विनंती करणारं पत्र लिहिलंय. पाठवण्याआधी तुम्ही वाचा.

"आदरणीय सर, आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ आमच्या कंपनीस मिळावा अशी मनापासून इच्छा आहे. आपण आमचे सल्लागार व्हावे ही नम्र विनंती. वेळ आपल्या सोयीने द्यावा. मोबदल्यादाखल कंपनीचे २ टक्के स्वेट इक्विटी शेअर आपणास देण्याची आमची तयारी आहे. तसेच आपल्या ओळखीच्या दूध संघांमधून काम मिळाल्यास त्यावर ५ टक्के रक्कम देऊ."

यात काही राहून गेलंय का? आणि खरं सांगायचं तर पैशाचा विषय पत्रात लिहायला मला फार अवघड वाटतंय. ते मला लहानपणापासून ओळखतात.

चावडी७२
ताई, मार्गदर्शक हवा असेल तर पैसे कशाला देता? कृषी विद्यापीठांत, अभियांत्रिकी कॉलेजांत इन्क्युबेशन केंद्रं असतात, तिथे मार्गदर्शक फुकट भेटतात. माझ्या पुतण्याला मसाल्याच्या उद्योगात असेच एक गृहस्थ भेटले, प्रकल्प अहवालसुद्धा करून दिला त्यांनी. कर्जाचं काम असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा.

नीरा_काठ
दादा, धन्यवाद, पण मला कर्ज किंवा प्रकल्प अहवाल नकोय. मला एकाच माणसाची नजर हवी आहे, आणि ती दर महिन्याला हवी आहे. फुकट मागितली तर दुसऱ्या महिन्यात फोन करायला मलाच संकोच वाटेल.

अभ्या_सॅनहोजे
यासाठी तयार नमुना आहे, नव्याने काही शोधायला नको. फाउंडर इन्स्टिट्यूटचा `FAST` करार बघ. त्यात सल्लागाराला किती टक्के द्यायचे त्याचा तक्ताच आहे. कंपनी किती पुढे गेलीय आणि सल्लागार किती गुंतणार, यावर पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत, आणि वाढीला लागलेल्या कंपनीत त्याहूनही कमी. दोन वर्षांत थोडे थोडे करून मिळतात आणि पहिले तीन महिने काहीच मिळत नाही. इकडे मी स्वतः दोन कंपन्यांसोबत यावरच सही केली आहे. तुझे २ टक्के खूप जास्त आहेत. अर्धा टक्का लिही, नमुना भर, सही घे, विषय संपला.

सीएस_कोथरूड
टक्क्यांबद्दल अभ्या बरोबर बोलतोय. "सही घे, विषय संपला" मात्र इथे चालणार नाही. मी कंपनी सेक्रेटरी आहे आणि अशी कागदपत्रं वर्षातून चार-पाच वेळा दुरुस्तीला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, पत्रातला "स्वेट इक्विटी" हा शब्द आधी काढा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५४ प्रमाणे स्वेट इक्विटी फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्याला किंवा संचालकाला देता येते. बाहेरच्या सल्लागाराला नाही. ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क किंवा ऑप्शन, त्याचंही तेच. अमेरिकेत सल्लागाराला ऑप्शन देणं सर्रास चालतं, म्हणून तिकडचे नमुने त्यावर उभे असतात. आपल्याकडे तोच कागद मराठीत किंवा इंग्रजीत भरून सही केली तर सर दोन वर्षं काम करतील आणि शेअर द्यायची वेळ आली की तुमचा सीए म्हणेल, हे देताच येत नाहीत. मग तुम्ही वडिलांच्या मित्राला काय तोंड दाखवणार?

यावर लोक दोन पळवाटा काढतात. पहिली, सरांना संचालक करून टाकायचं. असं करू नका. संचालकाला कायद्याने कर्तव्यं आणि जबाबदाऱ्या चिकटतात. महिन्याला पाच तास देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, केवळ शेअर देता यावेत म्हणून, तुमच्या कंपनीची विवरणपत्रं वेळेत भरण्याची जबाबदारी टाकायची हे बरं नव्हे. दुसरी, तुम्ही स्वतःचे थोडे शेअर त्यांना बक्षीस द्यायचे. ते कायद्याने होतं, पण सर तुमचे नातेवाईक नाहीत. त्या शेअरची किंमत ५०,००० च्या वर भरली तर ती त्यांचं उत्पन्न धरली जाते आणि त्यावर कर भरावा लागतो. हातात एक रुपया आलेला नाही आणि कर मात्र आला, अशी गत होते.

नीरा_काठ
अरे बापरे. म्हणजे हिस्सा द्यायचाच नाही का? महिन्याला सगळे मिळून ४१,४०० रुपये येतात, त्यात दोन पगार. रोख मी फार देऊ शकत नाही, म्हणून तर शेअरचा विचार केला होता.

सीएस_कोथरूड
देता येतो, करारातून. शेअर न देता शेअरइतक्या पैशाचं वचन द्यायचं. लोक याला फँटम शेअर म्हणतात. तुमचे एकूण शेअर किती?

नीरा_काठ
दहा हजार. दहा रुपये दर्शनी किंमत, एक लाख भांडवल.

सीएस_कोथरूड
मग अर्धा टक्का म्हणजे ५०. पण ५० ला २४ महिन्यांनी भाग जात नाही, म्हणून ४८ धरा. महिन्याला २. पहिले तीन महिने काही जमा नाही, तिसरा महिना पुरा झाला की एकदम ६, आणि पुढे दर महिन्याला २. सर दहाव्या महिन्यात थांबले तर त्यांचे २० जमा आहेत, तेवढेच राहतील. उद्या कंपनी कुणी विकत घेतली आणि शेअरला ४,००० रुपये भाव मिळाला, तर ४८ चे १ लाख ९२ हजार कंपनी सरांना देईल. पैसे मिळतील त्या वर्षी ते त्यांच्या व्यवसायाचं उत्पन्न. त्याआधी कर नाही, आणि शेअर सर्टिफिकेटही नाही.

यात एकच गोष्ट नीट लिहावी लागते, की पैसे नेमके केव्हा देणार. "कंपनी मोठी झाल्यावर" असं लिहिलंत तर ते कधीच देणं लागत नाही. कंपनी विकली गेली, किंवा अर्ध्याहून जास्त हिस्सा दुसऱ्याकडे गेला, असं ठोस लिहा. आणि सरांना तोंडी स्पष्ट सांगा, की यातलं काहीही न घडता दहा वर्षं गेली तर हे ४८ कागदावरच राहतील. म्हणून थोडी तरी रोख रक्कम हवी.

बॉयलर_मास्तर
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. साखर कारखान्यातून बॉयलर विभागातून निवृत्त झालो, त्यानंतर एका तरुण मुलाच्या कंपनीला सल्लागार होतो. त्याच्या पत्रातही हेच वाक्य होतं, "वेळ आपल्या सोयीने द्यावा". वाचून मला मानच वाटला होता. गाळप सुरू झालं आणि रात्री अकराला फोन यायला लागले. बॉयलर पेटला की तो माझ्या सोयीने थोडाच विझतो? त्या हंगामात मी चौदा फेऱ्या केल्या, पेट्रोल माझं. मुलगा चांगला होता, त्याला वाटायचं काकांना आवडतंय. मला आवडतही होतं. पण बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात होतं, आणि नाही कसं म्हणायचं ते मला कळेना, कारण पत्रात नाही म्हणायची जागाच नव्हती. शेवटी मी फोन उचलणं बंद केलं. आजही आमचं बोलणं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा पोरी, वेळ लिही. महिन्याला किती तास, कुठल्या आठवड्यात, फोन कोण करणार आणि किती वाजेपर्यंत. जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा. तुला वाटतं तू त्यांना मोकळीक देतेस, पण तास लिहिले नाहीत तर त्यांना तू दिवसाचे चोवीस तास बांधून घेतेस.

पैशाचा संकोच वाटतो म्हणालीस. आमच्या वयाच्या माणसाला रकमेचा आकडा वाचून अपमान वाटत नाही. न विचारता "काका करतील" असं धरलं की वाटतो.

करवीरकर
सगळे शेअरवर बोलतायत, मला शेवटच्या ओळीची काळजी वाटतेय. "ओळखीच्या दूध संघांमधून काम मिळाल्यास ५ टक्के."

मी एका संघाच्या खरेदी विभागात होतो. निवृत्त साहेब एखाद्या कंपनीचं पत्रक घेऊन आले की त्यांच्या हाताखाली वाढलेला माणूस त्यांना नाही म्हणू शकत नाही. काम मिळतं. मग संघाची निवडणूक येते, विरोधी पॅनेल वार्षिक सभेत उभं राहून विचारतं, की हे मशीन कुणाच्या सांगण्यावरून आलं आणि त्याला किती मिळाले? माझ्यासमोर हे झालंय. त्या साहेबांनी आयुष्यात चहासुद्धा कुणाचा फुकट घेतला नव्हता. त्या सभेनंतर ते संघाच्या आवारात आले नाहीत.

आणि तुमच्या धंद्यात हे दुप्पट वाईट आहे. तुमचं काम म्हणजे मशीन खोटं बोलतंय का ते सांगणं. फॅट ०.२ ने कमी दाखवली तर शेतकऱ्याचं नुकसान, जास्त दाखवली तर संघाचं. असा निवाडा देणाऱ्याच्या खिशात विक्रीचं कमिशन आहे, हे कळलं की तुमच्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवेल? ती ओळ खोडा. नुसती खोडू नका, "सरांनी विक्रीसाठी शब्द टाकायचा नाही" असं उलट लिहा.

मृणाल_बी
मला हे इतकं सरळ वाटत नाही. माझी कंपनी लहान आहे (प्रयोगशाळेला लागणारी रसायनं), आणि सल्लागाराकडून मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो ओळखींचाच. दार उघडून दिलं त्यांनी, पुढे आमचं आम्ही बघितलं. कमिशन नको हे मान्य, पण शब्दच टाकायचा नाही म्हटलं तर ३२ वर्षांचं निम्मं धन तुम्ही बाहेर ठेवताय.

माझी दुसरी बाजूही सांगते. पहिल्या सल्लागाराला मी नावासाठी घेतलं होतं. वेबसाइटवर फोटो लावला, सहा महिन्यांत दोनदा बोलले, दोन्ही वेळा स्वतःच्या परदेश दौऱ्याबद्दल. काम काय, ते मीच लिहिलं नव्हतं, मग तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तेव्हापासून मी आधी तीन महिनेच ठरवते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दोघांनी बसून बोलायचं, आणि थांबायचं असेल तर कारण सांगायचं नाही. कारण मागितलं की मोठी माणसं संकोचाने चालू ठेवतात.

करवीरकर
मृणालताई, रसायनांच्या व्यवसायात चालेल. सहकारी दूध संघात नाही चालणार. तिथे सगळे एकमेकांचे पाहुणे असतात.

अभ्या_सॅनहोजे
सीएस साहेब, ऑप्शनचं मला खरंच माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा सोडत नाही. रोख फी घेणारा माणूस कन्सल्टंट होतो. हिस्सा असला की तो रात्री झोपताना तुमच्या कंपनीचा विचार करतो.

बॉयलर_मास्तर
बाबा, आम्ही हिस्सा नसतानाही करतो. तीच तर अडचण आहे.

सीएस_कोथरूड
रोख रकमेचं थोडं सांगून टाकतो. एका आर्थिक वर्षात सरांना ५०,००० हून जास्त व्यावसायिक फी देणार असाल तर १० टक्के टीडीएस कापावा लागेल. महिना ६,००० दिलेत तर वर्षाचे ७२,०००, टीडीएस ७,२००. हे पत्रातच लिहा, नाहीतर पहिल्या महिन्यात ५,४०० जमा झालेले बघून सरांना वाटेल की तुम्ही हात आखडला. त्यांची सेवांची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. पत्र मान्य झालं की त्याचा करार ५०० च्या स्टँपवर करा.

अजून एक. सर तुम्हाला तपासणीची पद्धत लिहून देतील, तक्ते करून देतील. तुमच्यासाठी लिहिलेला तक्ता कंपनीचा, पण त्यांच्या डोक्यातलं ३२ वर्षांचं ज्ञान त्यांचंच. उद्या ते गावच्या मुलांना शिकवणार असतील तर तुमचा करार आड येता कामा नये. आणि जुन्या संघाचे कुठलेही कागद त्यांच्याकडे मागू नका.

नीरा_काठ
चार दिवस गायब होते. मंगळवारी सरांच्या घरी जाऊन आले. बॉयलर मास्तर काकांचं वाचून ठरवलं की आधी समोर बसून बोलायचं आणि मग पत्र द्यायचं. नवं पत्र असं केलंय:

"आदरणीय सर, स. न. मंगळवारी घरी बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे.

एखाद्या केंद्राची सरासरी घसरली की मशीन चुकतंय की दूधच बदललंय, हे आम्हाला ओळखता येत नाही. या एका प्रश्नासाठी आपण आमचे सल्लागार व्हावं, ही विनंती.

दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आम्ही संशय असलेल्या केंद्रांची यादी आणि त्यांच्या नोंदी पाठवू. त्या आठवड्यात आपल्या सोयीच्या दिवशी दोन तास फोनवर बसू. दोन महिन्यांतून एकदा एका केंद्रावर आपण प्रत्यक्ष यावं आणि मशीनशेजारी गर्बर पद्धतीने तेच दूध तपासून दाखवावं. याशिवाय मध्ये काही विचारायचं असेल तर फक्त मी फोन करीन, सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत, आणि महिन्याला एक तासाच्या आत. त्याहून जास्त वेळ लागला तर आपण थांबवावं.

विक्री, निविदा किंवा कुठल्याही संघाकडे शिफारस हे आपलं काम नाही. आपल्या जुन्या संघाची कागदपत्रं आम्ही मागणार नाही. आपलं नाव आणि फोटो आपल्याला विचारल्याशिवाय कुठे छापणार नाही.

मानधन महिना ६,००० रुपये. केंद्रभेटीचे २,००० वेगळे, गाडी आम्ही पाठवू. दोन्हीतून १० टक्के टीडीएस कापून उरलेली रक्कम सात तारखेच्या आत खात्यावर. सोबत ४८ फँटम शेअर, दोन वर्षांत महिन्याला २ या हिशेबाने. कंपनी विकली गेली किंवा निम्म्याहून जास्त हिस्सा दुसऱ्याकडे गेला तरच त्यांचे पैसे होतील, एरवी होणार नाहीत.

आधी तीन महिने करून बघू. त्यानंतर दोघांना पटलं तर दोन वर्षं. मध्ये कुणीही १५ दिवस आधी सांगून थांबू शकतं, कारण विचारायचं नाही."

बॉयलर_मास्तर
आता मला हे पत्र कुणी दिलं तर मी सही करीन. सहा वाजेपर्यंतचं वाचून बरं वाटलं.

सीएस_कोथरूड
चांगलं आहे. दोन वर्षं मोजायला सुरुवात कुठून, तेवढं टाका. चाचणीचे तीन महिने त्यातच धरायचे.

नीरा_काठ
सरांचं उत्तर आलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि पेन घेऊन बसले. मानधनाला काही बोलले नाहीत. भेटीचं मात्र बदललं. म्हणाले, दोन महिन्यांतून एकदा येऊन काय कळणार, पहिल्या महिन्यात तीन केंद्रं दाखवा, नंतर हवं तर तीन महिन्यांनी एकदा. "मी मशीन नंतर बघेन. आधी तुमचा माणूस कॅन ढवळून नमुना घेतो की वरच्या वर, ते बघायचंय. साय वर आलेली असताना वरूनच माप भरलं तर फॅट जास्तच येणार. त्यात मशीनचा काय दोष?" आम्ही दोन वर्षं आकडे बघत होतो, आमच्या मनातही हे आलं नव्हतं.

आणि ४८ शेअरवर त्यांनी रेघ मारली. म्हणाले, "मी मशीन चुकीचं म्हणणार, त्यावर तुमची कंपनी वाढणार, आणि त्यात माझा वाटा असणार. हे मला नको." मला काय बोलावं सुचलं नाही. वाईटही वाटतंय, कारण ६,००० हे त्यांच्या कामाचे पैसे नाहीत, हे मला ठाऊक आहे.

करवीरकर
बरोबर बोलले. यालाच गुणवत्ता विभागातला माणूस म्हणतात.

अभ्या_सॅनहोजे
मला पटत नाही. याच न्यायाने पगार घेणाऱ्या कुठल्याच तपासनिसावर विश्वास ठेवता येणार नाही. फी तरी कंपनीच्या वाढीतूनच येते ना? ती वाढवायची झाली तर पैसे कुठून आणणार?

मृणाल_बी
शेअर सोडा, पण फी दर सहा महिन्यांनी पुन्हा ठरवायची असं वाक्य टाका. केंद्रं ४६ ची ९० झाली तर यादी लांबेल, त्यांचे तासही वाढतील. ते स्वतः मागणार नाहीत, म्हणून तारीख तुम्हीच लिहून ठेवा.

सीएस_कोथरूड
मृणालताईंचं वाक्य घ्या. शेअरचा परिच्छेद काढून टाका, "पुढे बघू" असं अर्धवट ठेवू नका. आणि पहिल्या महिन्यात तीन भेटी म्हणजे ६,००० अधिक ६,०००. टीडीएस जाऊन १०,८०० होतील, तेवढी तरतूद आहे ना?

नीरा_काठ
आहे. एका जोडीदाराने या महिन्यात स्वतःचा पगार उशिरा घेतो म्हटलंय. सहा महिन्यांचं वाक्य टाकलं, तारीखही लिहिली. पहिली भेट गुरुवारी आहे. केंद्र पहाटे साडेपाचला उघडतं आणि सरांनी सांगितलंय की आपण त्याआधी पोचायचं, आधी काही न बोलता नुसतं बघायचं. गर्बरच्या काचनळ्या, ॲसिड आणि अमाइल अल्कोहोल ते स्वतःच्या ओळखीच्या दुकानातून आणतायत. पावती कंपनीच्या नावावर घ्या असं त्यांना सांगायचं राहिलंय, आत्ताच फोन करते. अजून सहा वाजायचेत.